नवऱ्याचा निरोप

मलकापूरची एक बाई सकाळी दुचाकीवरून कारखान्याला निघते आणि बांबवड्याच्या अलीकडे गाडी घसरते, असं समजू. पायाचं हाड मोडलं, कोल्हापूरला दाखल केलं. बाहेर बाकावर बसलेला नवरा तिच्या सुपरवायझरला लिहितो: ‘मॅडम, मिसेस पडल्या आहेत, आठ दिवस येणार नाहीत.’

घाबरलेल्या माणसाला एवढंच सुचणार. पण कुठे पडल्या? अंगणात, की कामाच्या वाटेवर?

हा प्रश्न पैशाचा आहे. तिचं नाव ईएसआयमध्ये असेल, तर साध्या आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, तोही आधी पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असेल तर. कामाशी निगडित दुखापत ठरली तर ९० टक्के, आणि वर्गणीच्या दिवसांची अट नाही. घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघात कामातलाच धरावा, असं २०१० साली कायद्यात आलं. मात्र वेळ, जागा आणि नोकरी यांचा मेळ दाखवावा लागतो.

तो मेळ किती महाग पडतो, हे धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या बाबतीत दिसलं. २००३ च्या एप्रिलमध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून जाताना, कारखान्यापासून पाचेक किलोमीटर अलीकडे तो अपघातात गेला. तो ईएसआयमध्ये नव्हता, दावा भरपाईच्या जुन्या कायद्याखाली होता. आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती काढून घेतली. अखेर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. पाळी तीनची आणि तो कारखान्याच्याच वाटेवर, यावर सारं उभं होतं.

अपघाताची सूचना जखमी माणसाच्या वतीने दुसऱ्या कुणी दिली तरी चालते, ईएसआयच्या नियमात तशी सोय आहे. म्हणून नवऱ्याने असं लिहावं: ‘नमस्कार मॅडम, मी अमुक यांचा नवरा. आज सकाळी साडेसातला घरून आपल्या कारखान्यात पहिल्या पाळीला येताना बांबवड्याजवळ त्यांची गाडी घसरली. पायाला फ्रॅक्चर आहे. कोल्हापुरात दाखल केलं आहे. अपघाताची नोंद करून घ्यावी. डॉक्टरांचा दाखला मिळाला की पाठवतो.’

दिवसांचा आकडा यात मुद्दाम नाही. तो डॉक्टरांनी सांगायचा, नवऱ्याने अंदाजाने ‘आठ दिवस’ लिहिलं की नवव्या दिवशी फोन येतो. चूक कुणाची, हेही लिहू नये, ते पोलीस बघतील. आणि एक्स-रेचा फोटो कामाच्या ग्रुपवर टाकायची आपल्याकडे फार हौस. तिच्या पायाचं हाड पन्नास जणांनी बघावं की नाही, ते तिलाच विचारावं.

तिला बोलता येत असेल, तर पाठवण्याआधी निरोपही वाचून दाखवावा. कदाचित ती म्हणेल, ‘पहिली पाळी नव्हे, आज जनरल होती.’