एका पाठाची प्रश्नपेढी

दहावीच्या विज्ञानातील ‘गुरुत्वाकर्षण’ हा पाठ बालभारतीच्या संकेतस्थळावरून घेऊन आम्ही अभ्यासिकेसाठी प्रश्नपेढी रचली. तिच्यातून २० गुणांचा संच काढताना सोप्या प्रश्नांना ८, मध्यम व कठीण प्रश्नांना प्रत्येकी ६ गुण ठेवले.

आकडे मोठे केल्याने प्रश्न कठीण होत नाही. विद्यार्थ्याला स्वतः शोधाव्या लागणाऱ्या पायऱ्या वाढल्या की होतो. वजनाचे एकक विचारले तर एक गुण. ५० किलोग्रॅम वस्तुमानाचे पृथ्वीवरील वजन विचारले तर सूत्राला एक आणि ४९० न्यूटन या उत्तराला एक. पृथ्वीवर ५८८ न्यूटन वजन असलेल्या माणसाचे चंद्रावरील वस्तुमान व वजन विचारले तर तीन गुण: पृथ्वीवरील वस्तुमान ६० किलोग्रॅम काढण्यास एक, ते चंद्रावरही तेवढेच राहते हे सांगण्यास एक, वजन सुमारे ९८ न्यूटन होते यास एक.

चंद्रावरील वस्तुमान १० किलोग्रॅम लिहिणारा विद्यार्थी नेमका दुसऱ्या पायरीवर अडला, हे त्यामुळे कळते. पहिल्या पायरीचा गुण त्याचाच राहतो. मध्यम प्रश्न सोडविणाऱ्या सर्वांना कठीण प्रश्नही सुटला, तर तो आम्ही मध्यम गटात हलवितो.