माया किती आहे, ते आधी बघू

शिवणकामात 'माया' म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड. घट्ट झालेला ब्लाउज उसवून दोन इंच सैल कसा करायचा, याची छोटीशी रील आमच्या गल्लीतल्या शिवणताईंनी टाकली आणि नाशिक-नागपूरहून फोन सुरू झाले. आठ दिवसांत बावीस पार्सलं आली. दोन सारख्याच हिरव्या ब्लाउजांची अदलाबदल होता होता राहिली. मग ताई वही घेऊन माझ्याकडे आल्या. "काकू, तुम्ही बी.कॉम., जरा हिशेब मांडून द्या."

आम्ही आधी वेळ मोजला. उसवायला पंधरा मिनिटं, नवी शिलाई वीस, हूक-इस्त्री-पॅकिंगला दहा. म्हणजे एका ब्लाउजला पाऊण तास. गल्लीतलं काम संपल्यावर रोज तीन तास उरतात, त्यात चार ब्लाउज. पाच दिवसांचे वीस. मी म्हटलं, सोळाच घ्या. चार जागा लग्नघाईला आणि दुरुस्तीला ठेवा.

दुसरी गोष्ट ताईंनीच ठरवली. पार्सल येण्याआधीच होकार-नकार द्यायचा. गिऱ्हाइकाने ब्लाउज उलटा करून, मायेवर टेप ठेवून फोटो पाठवायचा. दोन बाजूंच्या शिलाया म्हणजे कापडाच्या चार कडा. प्रत्येकीतून अर्धा इंच सोडला की दोन इंच मिळतात. पण शिलाई टिकायला आत अर्धा इंच राहायला हवा, म्हणून माया इंचभर लागते. बाहीतही तेवढीच हवी, नाहीतर काखेत ओढतं. माया नसेल तर पार्सल पाठवूच नका, असं सांगतात, टपालखर्च वाचतो. असेल तर सोबत अंगाला नीट बसणारा एक ब्लाउज मागवतात, कारण घरी टेपने घेतलेलं माप प्रत्येकीचं वेगळं येतं. पार्सल उघडताच ब्लाउजला नंबर, नाव आणि कामाची चिठ्ठी टाचतात.

नागपूरच्या एकीच्या भाचीचं लग्न बारा दिवसांवर होतं. रेशमी ब्लाउज, माया इंचभर. ताईंनी तिला काखेखाली दोन बोटं उसवून पुन्हा फोटो पाठवायला सांगितलं. जुन्या शिलाईची भोकं दिसत होती, आतला रंगही गडद होता. "रेघ दिसणार, इस्त्रीने जाणार नाही. हात खाली असला की झाकेल. चालेल का?" ताईंनी स्पष्ट विचारलं. तिने हो म्हटलं. यायला चार दिवस, जायला चार. ताईंच्या हाती उरले चार. राखीव जागेतून काम झालं आणि ब्लाउज दोन दिवस आधी पोहोचला.

रील अजून फिरतेच आहे. आता तिच्याखाली ताई दर सोमवारी लिहितात, "या आठवड्याचे सोळा झाले, पुढच्यासाठी आधी मायेचा फोटो पाठवा." त्या वाक्यामुळे गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज पूर्वीसारखे ठरल्या दिवशी मिळू लागलेत.