छतावरची पेन्सिलची रेघ

पॅसेजच्या छतावर तो डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा रुपयाएवढा होता. आठवड्याभरात पोळीएवढा झाला. मधे फिकट पिवळा, कडेला चहासारखा गडद. नेमकं वर काका-काकूंचं बाथरूम.

मी लगेच मोबाइल काढला. "काका, तुमच्या बाथरूममधून आमच्याकडे गळतंय. प्लीज लवकर दुरुस्त करून घ्या." पाठवायच्या आधी सवयीने एकदा वाचलं आणि थांबले. ऑफिसात कुणी असा बग माझ्या नावावर टाकला, की माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं : माझ्याकडे तर सगळं चालतंय. काकांकडेही सगळं चालतच होतं. नळ ठीक, फरशी ठीक. गळती फक्त माझ्या छतावर होती.

शिवाय ती त्यांचीच आहे, हे मला तरी कुठे माहीत होतं? बाहेरच्या भिंतीतून किंवा डक्टमधल्या सामायिक पाइपातून पाणी येत असेल, तर दुरुस्ती सोसायटीची. घरातल्या बाथरूमची किंवा सिंकची गळती असेल, तर त्या फ्लॅटवाल्याची. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत ही वाटणी दिलेली आहे. आणि काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. "बाथरूम फोडा" हे त्यांना अंदाजाने सांगायची माझी हिंमत नव्हती.

मग स्टुलावर चढून डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारली, शेजारी तारीख लिहिली. दर दोन दिवसांनी नवी रेघ. मार्च महिना, पावसाचा थेंब नाही, तरी डाग वाढतच होता. मग काका-काकू चार दिवस मुलीकडे नाशिकला गेले. चारही दिवस डाग रेघेच्या आत राहिला. ते परत आले आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी रेघ ओलांडली.

नळाच्या पाइपात टाकीचं पाणी चोवीस तास दाबाखाली असतं. तो फुटला असता, तर घर रिकामं असतानाही गळत राहिला असता. काकांनी जाताना मेन कॉक बंद केला असता तर हा पुरावा बाद झाला असता. पण कुंड्यांना पाणी घालायला त्यांची किल्ली माझ्याकडेच होती आणि नळाला पाणी येत होतं. म्हणजे पाणी वापरल्यावरच गळतं. उरल्या दोन जागा : नहाणी ट्रॅपचा जोड, नाहीतर टाइल्सच्या फटी.

आता मेसेज असा झाला :

"काका, नमस्कार. आमच्या पॅसेजच्या छतावर ओल आली आहे, फोटो सोबत आहेत. तुम्ही नाशिकला होतात तेव्हा ती वाढली नाही, म्हणून बाथरूमच्या फरशीतून किंवा नहाणीतून पाणी झिरपत असेल असं वाटतं. माझा अंदाज चुकूही शकतो. रविवारी सकाळी प्लंबरला घेऊन येऊ का? तपासताना काहीही फोडायचं नाही. गळती तिथलीच निघाली तर दुरुस्तीचं काकूंच्या सोयीने ठरवू. तोवर त्यांना आमचं बाथरूम वापरता येईल."

दहा मिनिटांत उत्तर : "ये गं. चहा इकडेच घे."

रविवारी प्लंबरने फरशी न भिजवता पाइपाने दोन बादल्या पाणी थेट नहाणीत सोडलं. तासभर थांबलो, खाली काही नाही. मग नहाणीत कापडाचा बोळा घट्ट बसवून फरशीवर बोटभर पाणी साठवलं. दुपारी छतावर थेंब धरला. ट्रॅपचा जोड सुटला, फटी सापडल्या. नहाणीभोवतीचं जुनं व्हाइट सिमेंट निघून गेलं होतं. ते खरवडून, फरशी सुकवून इपॉक्सी ग्राउट भरलं. खर्च काकांनी दिला. दोन दिवस काकू लिफ्टने खाली आंघोळीला येत होत्या.

तिसऱ्या दिवशी डाग पुन्हा रेघेबाहेर! मी तणतणत मेसेज लिहायला घेतला. प्लंबरला आधी फोन केला म्हणून वाचले. टाइल्सखालच्या भरावात मुरलेलं पाणी अजून उतरत होतं. "थोडे दिवस थांबा, आणि पूर्ण सुकल्याशिवाय रंग मारू नका, डाग पुन्हा वर येईल," तो म्हणाला. हेही म्हणाला, की खालचं वॉटरप्रूफिंगच गेलं असेल तर हे ग्राउट फार काळ पुरणार नाही, मग टाइल्स उचकटाव्याच लागतील. काकांना हे मी तेव्हाच वर जाऊन सांगितलं.

शेवटच्या रेघेला आज सहा आठवडे झाले. डाग आतच आहे. काका येता-जाता डोकावतात आणि विचारतात, "रेघ काय म्हणते?"