आधी काय घडलं?

भांडुप आणि मुलुंड यांच्या मधल्या नाहूरला फास्ट लोकल थांबत नाही, स्लो थांबते. इंग्रजीत 'द लोकल स्टॉप्ड टु पिक अप पॅसेंजर्स' असं कुणी लिहिलं, तर गाडी प्रवासी घ्यायला थांबली. त्याच वाक्यात 'टु पिक अप'च्या जागी 'पिकिंग अप' घातलं, की गाडीने प्रवासी घेणंच बंद केलं. मग ती उभी आहे की धावते आहे, याचा वाक्यात पत्ता नाही. शाळेच्या पुस्तकांत हा फरक 'अर्थ बदलणारी क्रियापदं' अशा शीर्षकाखाली तक्ता करून दिलेला असतो: स्टॉप, रिमेंबर, फर्गेट, ट्राय, रिग्रेट. मुलं तो पाठ करतात आणि लिहिताना नेमकं उलटं लिहितात. माझं म्हणणं असं, की तक्ता पाठ करण्याची फारशी गरज नाही. या क्रियापदांपाशी एकच प्रश्न विचारायचा आहे. दोन क्रियांपैकी आधीची कोणती? मुख्य क्रियापदाच्या आधी जी क्रिया घडलेली किंवा चालू असते तिला 'इंग' लागतं. जी पुढे व्हायची असते तिला 'टु'. हा क्रम मराठी माणूस बोलताना रोज पाळतो, फक्त तो व्याकरण म्हणून पाळतो आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

'टु' पुढे का बोट दाखवतो, हे त्याच्या जन्मावरून कळतं. जुन्या इंग्रजीत तो दिशा दाखवणारा साधा शब्द होता. 'टु नाहूर' मधला 'टु' आणि 'टु ड्रिंक' मधला 'टु' मुळात एकच. मराठीतही अगदी हेच घडलं आहे. 'नाहूरला गेला' आणि 'चहा प्यायला गेला' या दोन्हींत तोच 'ला' आहे. जुन्या 'प्यावयाला'चं रूप बदललं तरी दिशेचा प्रत्यय शाबूत राहिला. याउलट 'इंग' हा क्रियेचं नाम बनवणारा प्रत्यय. नाम म्हणजे हाताशी असलेली वस्तू, आणि थांबवायची झाली तर ती आधी हाताशी असावी लागते. म्हणून 'स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे चालू असलेली सिगारेट सुटली आणि 'स्टॉप्ड टु स्मोक' म्हणजे चालणं थांबलं, सिगारेट पुढे पेटायची आहे. मराठीत इथे क्रियापदच वेगळं येतं. 'तो थांबला' आणि 'त्याने थांबवलं' यांत घोटाळा होणं शक्य नाही. इंग्रजीने ही दोन्ही कामं एका 'स्टॉप'वर टाकली आणि फरक करण्याचं ओझं पुढच्या शब्दावर ढकललं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. 'त्याने सिगारेट ओढायचं सोडलं' असंही आपण म्हणतो आणि 'कुलूप लावायचं लक्षात ठेवलं' असंही म्हणतो. दोन्हीकडे '-आयचं'. पहिल्याचं इंग्रजी 'इंग'ने होतं, दुसऱ्याचं 'टु'ने. मग मराठीचा आधार कसा घ्यायचा? प्रत्ययाला प्रत्यय जोडून भाषांतर करणारा इथे हमखास फसतो, हे मला मान्य आहे. 'स्टॉप्ड टु स्मोक' ही प्रसिद्ध चूक बहुधा इथूनच निघते. पण मी प्रत्यय मोजायला सांगत नाही, क्रम विचारायला सांगतो आहे. सिगारेट सोडण्याआधी ओढणं चालू होतं. लक्षात ठेवलं तेव्हा कुलूप लागलेलं नव्हतं. '-आयचं' दोन्हीकडे खपून गेलं तरी कालक्रम खपून जात नाही.

'रिमेंबर'च्या बाबतीत तर मराठी अधिक स्पष्टवक्ती आहे. 'कुलूप लावल्याचं मला आठवतं' यातलं 'लावल्याचं' हे सरळ भूतकाळातून आलेलं रूप. त्याचं इंग्रजी 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर'. 'मी आठवणीने कुलूप लावलं' याचं 'आय रिमेंबर्ड टु लॉक द डोअर'. हा 'आठवणीने' शब्द किती नेमका आहे पाहा: आठवण आधी, कुलूप नंतर. आता घरात चोरी झाली आहे आणि शेजाऱ्याचा जबाब इंग्रजीत लिहिला जातो आहे असं धरू. 'आय रिमेंबर्ड टु लॉक' मध्ये कुलूप लागलं असं ठाम विधान आहे, पण ते लावतानाचं चित्र आज डोळ्यांसमोर आहे असा दावा नाही. 'आय रिमेंबर लॉकिंग' मध्ये तो दावाच मुख्य आहे, आणि उलटतपासणीत प्रश्न येईल तो त्यावर: आठवतंय ते कालचं कुलूप की परवाचं? संदर्भावरून अर्थ कळतोच, मग एवढी चिकित्सा कशाला, असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच जबाबाचं वाक्य आहे. गप्पांत संदर्भ सोबत असतो. कागदावर पुष्कळदा वाक्य एकटंच उरतं.

'ट्राय' सगळ्यांत अवघड मानतात, आणि मराठी माणसाला ते सगळ्यांत सोपं जायला हवं. पावसाळ्यात गंजलेलं कुलूप घ्या. 'आय ट्राइड टु ऑइल द लॉक': तेल घालायचा प्रयत्न केला. बाटलीचं तोंड भोकात जाईना, किंवा बाटलीत तेलच नव्हतं. तेल पडलं की नाही याची खात्री वाक्य देत नाही. 'आय ट्राइड ऑइलिंग द लॉक': तेल घालून पाहिलं. तेल पडलं, आता कुलूप उघडतं का हा प्रश्न. आपलं 'घालून' हे पूर्वकालवाचक रूप आहे, म्हणजे घालणं आधी, पाहणं नंतर. क्रम इथे शब्दातच आहे. कुणी म्हणेल, 'ट्राय ऑइलिंग इट' असा सल्ला दिला तेव्हा तेल अजून घातलेलंच नसतं, मग आधी कसलं? पण क्रम बोलण्याच्या क्षणाशी मोजायचा नाही, मुख्य क्रियेशी मोजायचा. 'तेल घालून पाहा' हेही उद्याबद्दलच असतं, तरी घालणं पाहण्याच्या आधीच येतं. म्हणून जिथे 'करून पाहणं' बसतं तिथे 'इंग' आणि जिथे 'प्रयत्न करणं' बसतं तिथे 'टु', ही कसोटी मी निःशंक सांगतो. वर्गात मराठीचा शब्द उच्चारायचा नाही असा दंडक पाळणाऱ्यांना हे भाषांतर पाठमालेच्या काळात परतणं वाटेल. वाटो. '-ऊन पाहणं' हे ज्याच्या जिभेवर आयतं आहे, त्याला हाच फरक चित्रं दाखवून नव्याने शिकवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

या कसोटीची हद्द मात्र ओळखावी. ज्या क्रियापदांना दोन्ही रूपं चालतात आणि अर्थ बदलतो, तेवढ्यांपुरतीच ती आहे. 'सजेस्ट', 'अव्हॉइड', 'कन्सिडर' यांच्या पुढची क्रिया उघडच नंतरची असते, किंवा घडतच नाही, तरी त्यांना 'इंग'च लागतं. तिथे पाठांतराला पर्याय नाही. 'स्टार्ट' आणि 'बिगिन' यांना बहुतेक वेळा दोन्ही सारखीच. 'रिग्रेट' मात्र कसोटीत चोख बसतं. नोकरी नाकारणाऱ्या पत्रात 'वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू' असतं, कारण वाईट बातमी त्याच्या पुढच्या शब्दांत यायची आहे. त्याच जागी 'वी रिग्रेट इन्फॉर्मिंग यू' लिहिलं, तर आधी कळवलं याचाच कंपनीला आता पस्तावा होतो आहे, आणि उमेदवार ते पत्र घेऊन पुन्हा दारात उभा राहिला तर त्याला दोष देता येणार नाही.