आवाजामागची घूं घूं

आमच्या गावाचं नाव सांगितलं की इतिहासाचा माणूस १७९५ च्या मराठे-निजाम लढाईवर येतो आणि बाकीचे मिरचीच्या खर्ड्यावर. आज दोन्ही नाही. आज विषय आहे घरातल्या छोट्या रेकॉर्डिंगच्या खोलीतला एक आवाज. हेडफोन लावला की बोलणाऱ्याच्या मागे सतत ऐकू येणारी घूं घूं. घरी माइक लावून दर्स, नात, पुस्तकवाचन रेकॉर्ड करणाऱ्या बऱ्याच जणांना ती छळते, म्हणून आमच्याकडे ती कुठून आली आणि कशी गेली ते सविस्तर लिहितो.

आधी थोडं कशासाठी ते. माझे मामू पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत. आयुष्यभर त्यांनी गावोगावी सीरतच्या गोष्टी सांगितल्या, आणि त्या मराठीत सांगितल्या. आमच्या घरातली आताची मुलं मराठी शाळेत शिकतात. उर्दू त्यांना ऐकून कळते, वाचता येत नाही. मामूंच्या गोष्टी कुठे लिहिलेल्या नाहीत. दम्यामुळे आठवड्यातून एक-दोनदा, फजरनंतर, तास-दीड तासच ते बोलू शकतात. एक बैठक वाया गेली की ती तशीच पुन्हा मिळेल याची खात्री नसते. शिवाय ते हळू बोलतात, मध्येमध्ये थांबतात, आणि हमचं ठिकाण नेमकं तेच. बोलण्याखाली तो झाकला जातो, शांततेत उघडा पडतो.

मांडणी अशी होती. मामू जुन्या घराच्या मजघरात बसायचे, कारण तिथल्या मातीच्या भिंतींत आवाज घुमत नाही. त्यांच्यापुढे एक माइक आणि प्रश्न विचारणाऱ्या पोरांपुढे दोन. तिन्ही माइक शेजारच्या मिक्सरमध्ये, आणि मिक्सरवर माझा भाचा, कारण कुठला पोरगा कधी तोंड उघडेल ते बघूनच त्याचा माइक वर करावा लागतो. लॅपटॉपचा पंखा ऐकू येऊ नये म्हणून लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस पलीकडच्या स्लॅबच्या नव्या खोलीत. मिक्सरपासून इंटरफेसपर्यंत पाच मीटरची साधी केबल, म्हणजे मध्ये एक तार आणि भोवती जाळी.

पहिला प्रश्न हा की आवाज खरोखर विजेचा आहे का. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणून विजेचा हम ५० हर्ट्झवर आणि त्याच्या पटींत, म्हणजे १००, १५०, २०० वर दिसतो. ऑडॅसिटीमध्ये कोणी बोलत नसलेला दहा सेकंदांचा तुकडा निवडून `Analyze > Plot Spectrum` उघडलं आणि `Size` मध्ये `16384` ठेवलं की हे सुळके स्पष्ट वेगळे होतात. आमच्याकडे ५० चा सुळका सगळ्यांत उंच होता. पंख्याचा किंवा वाऱ्याचा आवाज असता तर असे टोकदार सुळके न दिसता पसरट टेकाड दिसलं असतं.

दुसरा प्रश्न, तो नेमका कुठे शिरतो. इथे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय केल्याने काय झालं ते कळत नाही. मिक्सरलाच हेडफोन लावला तर आवाज स्वच्छ. म्हणजे माइक आणि मिक्सर निर्दोष. लॅपटॉपवर ऐकलं तर घूं घूं. लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढला, बॅटरीवर ठेवला, तर घूं घूं बंद. चार्जर परत लावून इंटरफेसच्या टोकाची केबल उपसली, तरीही बंद. (केबल मिक्सरच्या टोकाला काढू नका. मोकळं लोंबणारं टोक अँटेनासारखं काम करतं, स्वतःच गुणगुणतं आणि तपास भरकटतो.) दोन यंत्रं वेगवेगळी शांत आणि जोडली की घूं घूं, आणि एकाचा विजेचा प्लग काढला तरी शांत. याला ग्राउंड लूप म्हणतात.

लूप म्हणजे काय ते आमच्या घरातच दाखवता येतं. मिक्सरच्या थ्री-पिनची वरची जाड पिन मजघराच्या अर्थिंगला जाते. ती अंगणात, चिंचेखाली, वडिलांच्या काळात पुरलेली. नव्या खोलीला बांधकामाच्या वेळी वेगळी अर्थिंग केली, ती घरामागे. लॅपटॉपच्या चार्जरची तिसरी पिन तिथे जाते. आता मिक्सरपासून निघा: केबलची जाळी, इंटरफेस, यूएसबीची तार, लॅपटॉप, चार्जर, मागची अर्थिंग, मग जमीन, अंगणातली अर्थिंग, आणि परत मिक्सर. पूर्ण वर्तुळ झालं. या वर्तुळात कुठेही थोडा व्होल्टेजचा फरक पडला की प्रवाह फिरू लागतो, आणि तो केबलच्या जाळीतूनच फिरतो. साध्या केबलमध्ये जाळी हीच आवाजाच्या परतीची वाटही असते. त्यामुळे जाळीवर पडलेलं व्होल्टेज इंटरफेसला मामूंच्या आवाजाचाच भाग वाटतं.

पण फरक पडतो कशाने? हा धागा मला बोअरच्या मोटरने दिला. पाणी चढवायला मोटर सुरू झाली की घूं घूं एकदम वाढायची, आणि गावाची लाइट गेली की गायब. मिक्सर इन्व्हर्टरवर चालू असायचा, चार्जर भिंतीतच असायचा. म्हणजे वर्तुळाच्या तारा जागच्या जागी होत्या, फक्त त्यातून काही वाहत नव्हतं.

वायरमनला बोलावून दोन्ही खोल्यांच्या सॉकेटमधल्या अर्थच्या भोकांमध्ये, फक्त अर्थच्या, मीटर एसी व्होल्टवर लावून बघितलं. मोटर बंद असताना ०.३ व्होल्ट. मोटर चालू असताना २ व्होल्टच्या आसपास. जुन्या मोटरच्या केबलच्या जोडातून थोडा प्रवाह अर्थिंगमध्ये गळत होता. आमच्याकडे फेब्रुवारीपासूनच जमीन कोरडी पडते आणि कोरड्या जमिनीत अर्थिंगचा रोध वाढतो. समजा रोध १०० ओहम आणि गळती २० मिलिअँपिअर, की तिथे २ व्होल्ट उभे राहिले. पावसाळ्यात हाच हम कमी आणि उन्हाळ्यात जास्त, याचं कारण हे. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी ओततात ते याचसाठी.

२ व्होल्ट ऐकून घाबरायला नको, ते सगळे रेकॉर्डिंगमध्ये येत नाहीत. वर्तुळाचा एकूण रोध दीडशे ओहम धरला तर जाळीतून साधारण १३ मिलिअँपिअर फिरतात. जाळी आणि तिचे जोड मिळून ०.१५ ओहम धरले तर केबलवर पडतात सुमारे २ मिलिव्होल्ट. मिक्सरमधून येणारा आवाज सुमारे ३०० मिलिव्होल्टचा. म्हणजे हम आवाजाच्या दीडशेव्या भागाइतका, ४३ डेसिबल खाली. बाजारातल्या भोंग्यावर तो कुणाला कळणार नाही. हेडफोनमध्ये, मामू श्वास घ्यायला थांबले की, त्याच्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.

आता उपाय. गावात सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय आधी सांगतो, कारण तो कुणी करू नये. वायरमन हसत म्हणाला, "भाई, मिक्सरची वरची पिन काढून टाका, दोन मिनिटांचं काम." घूं घूं त्याने खरंच जाते, वर्तुळ तुटतं. पण मिक्सरची धातूची बॉडी, माइकच्या केबलची जाळी आणि माइकची जाळी हे सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. उद्या मिक्सरच्या आत एखादी तार सुटून बॉडीला टेकली तर २३० व्होल्टला जायला अर्थिंगची भरवशाची वाट उरत नाही, उरतो माइकला ओठ लावून बसलेला माणूस. जलशात, उरुसात माइकचा झटका बसल्याच्या गोष्टी आपण ऐकतो, त्यांच्यामागे बहुतेक वेळा अशीच काढलेली किंवा मुळातच तुटकी अर्थिंग असते. मी नाही म्हटलं. त्यालाही पटलं.

लॅपटॉप बॅटरीवर चालवणं सुरक्षित आहे आणि घाईच्या वेळी तेच करावं. माझी बॅटरी चाळीस मिनिटं टिकते, मामूंची बैठक त्याहून लांब.

आम्ही केलं ते असं. नव्या खोलीतल्या एकाच सॉकेटवरून चांगल्या थ्री-पिन एक्स्टेन्शन बोर्डने मजघरात मिक्सरला वीज नेली, आणि लॅपटॉपचा चार्जरही त्याच सॉकेटवर घेतला. मिक्सर आणि लॅपटॉप मिळून शंभर वॉटही होत नाहीत, त्यामुळे भाराची चिंता नाही. दोघांची अर्थिंग एका जागी भेटली की जमिनीतला २ व्होल्टचा फरक वर्तुळाच्या बाहेर पडला. एवढ्यानेच बहुतेक हम गेला. भाच्याला मामूंसमोर बसायची गरज नसती तर मिक्सरच लॅपटॉपशेजारी आणला असता आणि फक्त माइकच्या केबल लांबवल्या असत्या. त्या बॅलन्स्ड असतात, पंधरा-वीस मीटर सहज जातात.

उरलेल्या किंचित हमसाठी केबल बदलली. माझ्या इंटरफेसचं लाइन इनपुट बॅलन्स्ड आहे, म्हणून आत दोन तारा असलेली माइकची केबल घेतली. मिक्सरच्या टोकाला लाल तार पिनच्या टोकाला, पांढरी तार आणि जाळी एकत्र बाहेरच्या भागाला. इंटरफेसच्या टोकाला तीन भागांची पिन: टोकाला लाल, मधल्या कड्याला पांढरी, बुडाला जाळी. आता जाळीतून प्रवाह फिरला तरी फिरो. मिक्सरची पातळी काय आहे ते पांढरी तार इंटरफेसला कळवते आणि इंटरफेस दोन तारांमधला फरक तेवढा घेतो. इनपुट बॅलन्स्ड नसेल तर मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा. स्वस्तातला ढोलाचा खर्ज बिघडवतो, बोलण्याला चालतो. यूएसबी आयसोलेटर मात्र विचारून घ्या. स्वस्तातले बरेच १२ मेगाबिटचेच असतात आणि त्यांच्यावर अनेक इंटरफेस चालतच नाहीत.

मोटरचा गळका जोड वायरमनने बदलला आणि दोन्ही अर्थिंग जाड तांब्याच्या तारेने एकमेकींना जोडल्या. एका घरात दोन सुट्या अर्थिंग ठेवणं रेकॉर्डिंग नसतं तरी बरोबर नव्हतं.

राहिल्या आधीच्या चार बैठका, हम असलेल्या. त्यातला ५० हर्ट्झ अरुंद फिल्टरने बिनदिक्कत काढला, कारण पुरुषाचा आवाज साधारण ८५ च्या वर सुरू होतो. १०० आणि १५० ला फारसा हात लावला नाही. मामूंचा आवाज तिथेच राहतो, ते पूर्ण कापले की माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. तिथे फक्त मामू थांबतात तेवढ्या जागी पातळी खाली घेतली, तीही शून्यावर नाही. मामूंनी हेडफोन लावून ऐकलं आणि म्हणाले, "अरे, माझा श्वास ऐकू येतोय, तो पण काढ की." तो ठेवला आहे.