रविवारपुरता वाढीव कोटा

कोल्हापुरातल्या एका मोटारींच्या सुट्या भागांच्या वितरकाकडे पेंडिंग मालाची यादी रोज सकाळी 8 वाजता गोदामात पोचते. कुठल्या गॅरेजवाल्याचं काय यायचं राहिलंय, ते पाहूनच पोरं रॅककडे वळतात. ही यादी तयार होते रात्री. बिलिंगचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं आणि ऑनलाइन, गोदामाचं स्वतःचं. त्यामुळे रात्री 2 वाजता एक प्रोग्राम एपीआयमार्फत बाकी माल मागवून घेतो. तो वारंवार अर्ध्यावर थांबू लागला, तेव्हा संगणक विभाग सांभाळणाऱ्या बाईंकडे मालकांनी एकच काम दिलं: कंपनीला पत्र लिहा, कोटा वाढवून मागा.

पत्र त्यांनी लिहिलं, पण आधी लॉग उघडला.

```
HTTP/1.1 429 Too Many Requests
Date: Tue, 11 Mar 2025 21:16:00 GMT
Retry-After: 9840
```

429 हा क्रमांक 2012 साली मानकात आला. ‘फार विनंत्या झाल्या, थांबा’ एवढंच तो सांगतो. खरी माहिती खालच्या ओळीत आहे. 9,840 सेकंद म्हणजे 2 तास 44 मिनिटं. जीएमटीचे 21:16 म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे 2:46. त्यात ती मिनिटं मिळवली की येतात 5:30. कंपनीचा दिवस जीएमटीच्या मध्यरात्री बदलतो, म्हणजे इथल्या साडेपाचला. रात्री 2 चा प्रोग्राम नव्या दिवसाच्या कोट्यावर चालतोय असं सगळे धरून चालले होते. तो चालत होता आदल्या दिवशीच्या उरल्यासुरल्या कोट्यावर.

रोजची मर्यादा 5,000 विनंत्यांची. त्या दिवशी काउंटरवरची बिलं आणि स्टॉकची चौकशी यांत 2,240 गेल्या होत्या, उरल्या 2,760. यादी शंभर-शंभर आयटेमच्या पानांत येते, पण ‘किती नग बाकी’ हे यादीत नसतं. ते प्रत्येक आयटेमसाठी वेगळं विचारावं लागतं. म्हणजे एका पानाला 101 विनंत्या. 6,000 पेंडिंग आयटेमची 60 पानं, एकूण 6,060 विनंत्या. त्या रात्री 27 पानं पुरी झाली आणि 28 वं मध्येच तुटलं. यादीचा क्रम नव्या ऑर्डरीपासून जुन्याकडे असल्यामुळे गळत होते ते सगळ्यांत जास्त दिवस वाट पाहणारे गिऱ्हाईक. म्हणूनच ही चूक चटकन दिसत नव्हती: सकाळची यादी वरून पाहिली तर ताजी आणि बरोबर वाटायची.

आता पत्रात ‘कोटा दुप्पट करा’ असं लिहिणं सोपं होतं. पण सपोर्टच्या टेबलावरचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की, रोज सगळंच का मागवता? तो प्रश्न रास्त आहे. म्हणून बाईंनी प्रोग्रामची वेळ 5:35 केली आणि मागच्या वेळेनंतर बदललेलेच आयटेम मागवायला सुरुवात केली. इथे एक बारकावा सांभाळावा लागतो. ‘पेंडिंग’ अशी चाळणी लावून बदल मागवले, तर रात्रीतून पूर्ण झालेला आयटेम त्या चाळणीतून निसटतो आणि गोदामात तो कायम बाकीच दिसत राहतो. तेव्हा बदललेलं सगळंच घ्यायचं आणि छाटणी आपल्याकडे करायची. एखाद्या रात्री असे 900 आयटेम निघाले तर 9 पानं आणि 900 तपशील, मिळून 909 विनंत्या. मिनिटाला 60 च्या मर्यादेतही सोळा मिनिटांच्या आत काम उरकतं.

तरीही कोटा हवाच होता, आणि पत्राचा गाभा इथे आहे. रद्द करून पुसलेली ऑर्डर ‘बदललेल्या’त येत नाही, ती नुसती नाहीशी होते. ती शोधायची तर आठवड्यातून एकदा पूर्ण यादी जुळवून पाहण्यावाचून इलाज नाही, आणि त्याला 6,060 विनंत्या लागतात. दुसऱ्या नावाने आणखी एक की काढण्याची युक्ती कुणी ना कुणी सुचवतंच. बाईंनी ती नाकारली, आणि योग्यच केलं. खातं बंद पडलं तर काउंटरवरचं बिलही थांबेल.

पत्र एका पानाचं झालं. वरचा लॉग जसाच्या तसा, 6,060 आणि 909 चा हिशेब, आणि नेमकी मागणी: फक्त रविवारी रोजची मर्यादा 8,000 करावी, मिनिटाची मर्यादा आहे तीच राहू द्यावी, कारण 60 च्या गतीने पूर्ण यादी 101 मिनिटांत, म्हणजे 7:16 पर्यंत येते. खाली एक विनंती आणखी होती. पुसलेल्या ऑर्डरींची नोंद बदलांच्या यादीत द्यावी. ती मिळू लागली की रविवारचा वाढीव कोटा परत घ्यावा.

कंपनीने रविवारचा कोटा तीन महिन्यांसाठी मंजूर केला. पुसलेल्या ऑर्डरींच्या नोंदीबद्दलचं उत्तर अजून यायचं आहे.