न विचारलेला प्रश्न

मास्तर माणसाच्या नशिबी दुसऱ्यांचे कागद वाचणे असतेच. पूर्वी लोक पोस्टकार्डे घेऊन येत, आता मोबाइलवर शासन निर्णय पाठवतात. सोबत प्रश्न नसतो. पण पाठवणाऱ्याच्या मनात तो असतोच: मी यात बसते का, करायचे काय आणि केव्हापर्यंत?

२०२४ च्या जुलैत शेजारच्या मावशींनी असाच एक कागद धाडला. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा, २८ जूनचा. मावशी विधवा, वय ६२. कागदात पात्रतेचे वय २१ ते ६० आणि अर्जाची शेवटची तारीख १५ जुलै. म्हणजे मावशींचे दार बंदच!

असा कागद मी वरून खाली वाचत नाही. आधी माथ्यावरची तारीख पाहतो. ती कागद निघाल्याची, मुदतीची नव्हे. पुष्कळांची गफलत इथेच होते. मग त्याच विषयावर त्यानंतर काही निघाले आहे का, ते सरकारी संकेतस्थळावर शोधतो. कारण बहुतेक शासन निर्णयांत ‘वाचा’ या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते, पण आपल्याला पुढे कोण बदलणार, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

शोधले तो ३ जुलैचा निर्णय सापडला. वय ६५ पर्यंत, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर १५ वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्रही चालेल. मावशींचे कार्ड केशरी, आणि चांगले जुने.

पण पात्रता वाचून थांबू नये. तिच्या मागोमाग ‘अपात्रता’ येते, आणि वरच्या हाताने दिलेले ती खालच्या हाताने काढून घेते. घरात आयकर भरणारा, सरकारी नोकरीत कायम असलेला किंवा ट्रॅक्टर सोडून चारचाकीचा मालक असला, की संपले! मावशींकडे यातले काहीच नव्हते. दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १५०० रुपये मिळत असतील तर मात्र लाभ नव्हता. याचे उत्तर कागदात कसे असणार?

“मावशी, निराधारचे पैसे मिळतात का हो तुम्हाला?”

“नाही गुरुजी. अर्जच केला नाही कधी.”

मग मी एका चिठ्ठीवर लिहून दिले: तुम्ही बसता. आधारकार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि एक फोटो घेऊन अंगणवाडीत जा. मुदत ३१ ऑगस्ट. पण त्याआधीच जा, आणि पोच मागून घ्या.

मावशींनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाल्या, “एवढंच होतं होय त्यात?” आणि पिशवी शोधायला आत गेल्या.

ती मुदत केव्हाच संपली. तो २८ जूनचा कागद मात्र मला अजून कुणीतरी पाठवते.